स्मिअरमधे फुटक्या पेशी दिसल्या की लगेच टीटीपी की एचयूएस? या चुका टाळा

सोलापुरात पावसाळा संपत आला की प्लेटलेट कमी असलेला प्रत्येक पेशंट डेंगीचाच धरला जातो. बहुतेक वेळा तो डेंगीचाच असतो, आणि घोळ तिथेच होतो, कारण अधूनमधून एखादा पेशंट थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथीचा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या टीटीपी किंवा एचयूएससारख्या आजाराचा निघतो आणि त्याची स्लाइड कोणी बघितलेलीच नसते. मी लॅबमधे बसून याच दोन-तीन चुका परत परत बघतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, मशीनने छापलेला प्लेटलेटचा आकडा तसाच रिपोर्टवर टाकणं. या आजारात लाल पेशींचे तुकडे होतात आणि साधा काउंटर कणाच्या आकारावरून मोजतो, त्यामुळे बारीक तुकडे तो प्लेटलेट समजून मोजतो. म्हणजे प्लेटलेट खरंच तळाला गेलेल्या असतात आणि कागदावर आकडा बरा दिसतो.

बिडी वळणारी एक बाई, पस्तिशीच्या आतली, ताप आणि पायावर काळेनिळे डाग म्हणून ॲडमिट झालेली. बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट सोबत होता, प्लेटलेट ५८,०००, हिमोग्लोबिन ७.२, खाली मशीनचा फ्लॅग आलेला पण त्यावर कोणी काही लिहिलेलं नाही. एनएस-१ निगेटिव्ह, तरी फाईलवर डेंगी, आणि नातेवाईक प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढ्या फिरत होते. आमच्याकडे सँपल आलं तेव्हा प्लेटलेटचा हिस्टोग्राम उजव्या बाजूला खाली बेसलाइनला टेकतच नव्हता, हे बघितलं की मी स्लाइड काढल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. ऑइल इमर्शनखाली १० फील्डमधे मिळून ८ प्लेटलेट सापडल्या. आम्ही एका फील्डची सरासरी गुणिले १५,००० असा अंदाज धरतो, म्हणजे साधारण १२,०००. आणि लाल पेशींमधे हेल्मेटसारख्या, तिकोनी, दोन शिंगं फुटल्यासारख्या पेशी प्रत्येक फील्डला दिसत होत्या. १,००० लाल पेशी मोजल्या, त्यात ४३ तुकडे, म्हणजे ४.३ टक्के. मोठ्या माणसात १ टक्क्याच्या वर गेलं आणि दुसरं काही कारण दिसत नसेल तर मायक्रोअँजिओपॅथीचा संशय घ्यायचाच.

मी वॉर्डला फोन लावला. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "अहो सर, सीझन डेंगीचा आहे, प्लेटलेट चढवतो आणि बघतो." मी म्हणालो, "पिशवी थांबवा, आधी एलडीएच, क्रिएटिनिन, पीटी आणि कूम्ब्स पाठवा, आणि पेशंट नीट बोलतीय का ते बघून सांगा." एलडीएच १,८४०, क्रिएटिनिन १.२, पीटी नॉर्मल, कूम्ब्स निगेटिव्ह. आणि बाई सकाळपासून असंबद्ध बोलत होती, घरच्यांना वाटलं तापामुळे. पीटी नॉर्मल म्हणजे डीआयसी मागे पडलं, कूम्ब्स निगेटिव्ह म्हणजे अँटिबॉडीने पेशी फुटत असण्याची शक्यता कमी झाली, आणि प्लेटलेट इतक्या खाली असून किडनी जवळपास ठीक, हे चित्र टीटीपीकडे बोट दाखवतं. अशा पेशंटला जिवावरचा रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवणं म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखं. त्याच दिवशी प्लाझ्मा एक्स्चेंज आणि स्टिरॉइड सुरू झालं. ॲडॅम्ट्स-१३ चा रिपोर्ट नंतर बाहेरून आला, ॲक्टिव्हिटी ५ टक्क्यांच्या खाली आणि इनहिबिटर पॉझिटिव्ह. त्याची वाट बघत बसले असते तर बाई हातची गेली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरी चूक, जी शिकणारी मुलं हमखास करतात. स्लाइड पुढे सरकवतात आणि विचारतात, सर हे टीटीपी की एचयूएस? स्लाइडवरून ते सांगता येत नाही. दोन्हींमधे तेच तुकडे, तीच पॉलीक्रोमेशिया, कधी न्यूक्लिएटेड लाल पेशी, दोन्हींमधे प्लेटलेट कमी. एचयूएसमधे युरिया वाढल्यामुळे काटेरी बर सेल जोडीला दिसू शकतात पण त्यावर निदान ठेवायचं नसतं. फरक आहे कारणात. टीटीपीमधे ॲडॅम्ट्स-१३ हे एन्झाइम संपलेलं असतं, बहुतेक वेळा शरीराने स्वतःच त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी केलेली असते, क्वचित जन्मापासून कमी असतं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच्या लांब साखळ्या कापायचं काम या एन्झाइमचं, त्या न कापता तशाच राहिल्या की प्लेटलेट त्यांना चिकटत जातात आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यातून लाल पेशी फाटत पुढे जातात. प्लेटलेट गुठळ्यांतच खर्च होतात म्हणून बहुधा ३०,००० च्या खाली जातात.

एचयूएसमधे मार वाहिनीच्या अस्तरालाच बसतो. शिगा टॉक्सिन सोडणारे ई. कोलाय किंवा शिगेला डिसेंटेरी टाइप १, हे विष किडनीतल्या बारीक वाहिन्यांच्या पेशींना जाऊन चिकटतं. म्हणून गोष्ट अशी असते की लहान पोराला रक्ताची हगवण लागते, आठवडाभरात जुलाब कमी होतात, घरचे निर्धास्त होतात आणि मग पोर पांढरं पडतं, लघवी कमी होते. तिथे प्लेटलेट ६०-७० हजार आणि क्रिएटिनिन ४ च्या वर असं काहीसं चित्र असतं. जुलाबाची हिस्टरी नसेल तर कॉम्प्लिमेंटचा बिघाड शोधावा लागतो, आणि आपल्याकडच्या शाळकरी मुलांमधे फॅक्टर एच विरुद्धची अँटिबॉडी तपासायला विसरू नका. फक्त वयावरून मात्र ठरवायचं नाही, जन्मजात टीटीपी मुलांत असतो आणि कॉम्प्लिमेंटवाला एचयूएस मोठ्यांत होतो. म्हणून माझ्या रिपोर्टवर मी "मायक्रोअँजिओपॅथिक हिमोलिसिसचं चित्र, तातडीने क्लिनिकशी जोडून बघा" एवढंच लिहितो आणि फोन करतो. नुसता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

ॲडॅम्ट्स-१३ चं सँपल निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमधे घ्या. ईडीटीएमधे चालत नाही, कारण या एन्झाइमला कॅल्शियम आणि झिंक लागतं आणि ईडीटीए तेच बांधून ठेवतं. आणि प्लाझ्मा चढवायच्या आधी घ्या, नंतर घेतलं तर दात्याचं एन्झाइम मोजलं जाईल.

स्मिअर जाड भागात किंवा अगदी शेपटाला बघू नका, पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे बघा. नुसते गोल बारीक स्फेरोसाइट दिसले तर ते तुकड्यांत धरू नका, बाकीचे आकार सोबत असतील तरच धरा. उन्हाळ्यात अक्कलकोट-बार्शीवरून डिकीत तापून आलेल्या ट्यूबवर तुकडे मोजू नका, ताजं मागवा.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात वारंवार फसवते, बी-१२ ची कमतरता. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट कमी, एलडीएच हजारांत, स्लाइडवर तुकडे सुद्धा, आणि पेशंटला प्लाझ्मा एक्स्चेंज लावायची तयारी चालू होते. तिथे न्यूट्रोफिलचे लोब मोजा, ५-६ लोबचे सेल आणि मोठ्या अंडाकृती लाल पेशी दिसल्या की रेटिक्युलोसाइट काउंट लावा. मॅरो धडधाकट असताना पेशी फुटत असतील तर रेटिक वाढायला हवा, बी-१२ मधे तो खालीच राहतो. ही टेस्ट स्वस्त आहे, थोड्या वेळात होते, तरी फॉर्मवर क्वचितच लिहिलेली असते, म्हणून तुकडे दिसले की मी ती न विचारताच लावतो.