पैसे परत नाहीत, पंप बदलून देतो: कृषी केंद्रात हे कसे सांगावे

कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळ-वाशिमकडच्या कृषी केंद्रात हा प्रसंग हमखास येतो. 2,800 रुपयांचा बॅटरी पंप नेलेले काकाजी आठवड्याने परत येतात आणि म्हणतात, "हा काई कामाचा नाई, पैसे वापस द्या."

लगेच नाही म्हणू नका, आधी पंप तपासा. बाजाराचा दिवस असेल तर त्यांना गर्दीतून बाजूला बसवा, पाणी द्या, बिल पाहा. मग टाकीत साधं पाणी भरून त्यांच्यासमोरच पंप चालवा. फवारा कमजोर असेल तर नोझल आणि जाळी काढून धुवा. न विरघळलेली पावडर तिथेच अडकते. धुतल्यावर जोर आला तर पंप चांगला आहे. पण बॅटरी पूर्ण चार्ज करूनही लगेच बसत असेल किंवा मोटर मधेच बंद पडत असेल, तर तो दोष आहे आणि पैसे नाकारायचा विषयच संपला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तिथे कामी येत नाही.

समजा पंप चांगला निघाला, काकाजींना तो पाठीवर जड होतो एवढंच. आता नकार एकदाच आणि स्पष्ट द्या: "काकाजी, पंप तुमच्यासमोर चालला. वापरलेल्या पंपाचे पैसे वापस नाई देता येत मले. पण तुमाले जड होते, तर बदलून देतो."

'पाहू', 'कंपनीले विचारतो' हे टाळा. माणूस त्या आशेवर चार खेपा मारतो, आणि शेवटी भांडण व्हायचं ते होतंच.

मग हिशेब कागदावर मांडा. वापराचे 300 कापले, 2,500 उरले. 1,400 चा हलका हातपंप दिला, 1,100 जमा. कपात आधी सांगा, नंतर सांगितलेली कपात फसवणूक वाटते. जमा पावतीवर रक्कम, तारीख आणि मुदत लिहा. मुदत रब्बी संपेपर्यंत ठेवा आणि दुकानातल्या कुठल्याही मालाला ती चालू द्या. न खपणारा माल त्यात खपवायला गेलात तर गावभर बोभाटा होईल. जुनी उधारी असेल तर त्यांना विचारूनच वळती करा, परस्पर नको.

काकाजी आवाज चढवतील. नवी कारणं शोधू नका, तेच वाक्य शांतपणे पुन्हा सांगा आणि दोनच पर्याय समोर ठेवा: "हातपंप नेता, का सगळे जमा ठेवू?" तरी पटलं नाही तर पंप आणि बिल त्यांच्या हाती द्या, दोन दिवस हाच हिशेब कायम राहील असं सांगा.

बियाणं उगवलं नाही अशी तक्रार मात्र काउंटरवर मिटवू नका. तिथे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायला सांगा; शेताची पाहणी तालुका समिती करते.