ओव्हरड्राफ्टचं लिमिट वाढवून मागताना बँकेला पत्र कसं लिहावं

हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदराजवळ जाळी, दोर, बोये, शिसं विकणाऱ्या दुकानदाराचं वर्ष इतर दुकानांसारखं चालत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका शाकारलेल्या असतात आणि जुनी जाळी दुरुस्त करणं, नवी जाळी बांधणं याच दिवसांत चालतं. त्यामुळे दुकानात माल मे-जूनमध्येच भरावा लागतो आणि घाऊक व्यापाऱ्याला पैसे तेव्हाच द्यावे लागतात. नौकामालकाचे पैसे मात्र ऑगस्टनंतर मासळी लागली की हप्त्याहप्त्याने येतात. मधले तीन-चार महिने ओव्हरड्राफ्टवर निघतात, आणि नेमकं तेव्हाच लिमिट संपतं.

मग अर्ज जातो: "व्यवसाय वाढल्यामुळे लिमिट अपुरे पडत आहे, तरी वाढवून मिळावे, ही विनंती." या एका वाक्यावर शाखाधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. त्याला फाईलवर टिपण लिहायचं असतं, रक्कम त्याच्या अधिकाराबाहेरची असेल तर ते क्षेत्रीय कार्यालयाला पाठवायचं असतं. तुमच्या पत्रातली वाक्यं आणि आकडे त्याला जसेच्या तसे त्या टिपणात उतरवता आले, तर पत्र चांगलं झालं असं समजा. पुढे सगळीकडे एकच नमुना दुकान धरलं आहे: सध्याचं लिमिट १० लाख, माल जाळी-दोराचा, पत्र एप्रिल २०२५ मधलं.

आधी तीन ठिकाणची विक्री जुळवा

पत्राला हात लावण्याआधी विक्रीचे आकडे तीन ठिकाणांहून काढा: जीएसटीची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्रासोबतचा ताळेबंद आणि ओव्हरड्राफ्ट खात्यातली वर्षभराची एकूण जमा. बँक हेच तीन कागद शेजारी ठेवून बघते. पत्रातला आकडा यांपैकी एकाशीही जुळला नाही, तर पुढचं वाचताना मनात शंका राहते.

आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत, आणि ते यायचेही नाहीत. जीएसटीतली विक्री कर वगळून असते, खात्यातली जमा कर धरून. नमुना दुकानाची २०२४-२५ ची विक्री कर वगळून ८४ लाख, कर धरून ९२ लाख. ओव्हरड्राफ्ट खात्यात जमा मात्र ७७ लाखच. १५ लाख कुठे गेले? शोधल्यावर दिसलं की ९ लाख यूपीआयने बचत खात्यात आले, ४ लाखांची रोकड भाडं आणि पगारात परस्पर गेली, आणि नौकामालकांकडची उधारी आदल्या वर्षीपेक्षा २ लाखांनी वाढली. हिशेब पुरा झाला. ही चार ओळींची जुळवणी पत्राला जोडा. अधिकाऱ्याने विचारायच्या आधी तुम्ही उत्तर दिलेलं असतं, आणि याचा जेवढा परिणाम होतो तेवढा कुठल्याही विनंतीचा होत नाही.

यूपीआयचं जरा सविस्तर सांगतो, कारण आज सर्वांत जास्त प्रकरणं इथेच अडतात. गल्ल्यावरचा क्यूआर कोड मुलाच्या किंवा बायकोच्या बचत खात्याला जोडलेला असतो. धंदा जोरात असतो, पण ओव्हरड्राफ्ट खात्यात त्याचं प्रतिबिंबच पडत नाही. अर्ज करायच्या निदान तीन महिने आधी तो कोड ओव्हरड्राफ्ट खात्याला जोडून घ्या. ते राहून गेलं असेल तर लपवू नका. बचत खात्याचा उतारा जोडा आणि पत्रात तसं लिहा. याउलट, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आणलेले पैसे, हातउसने किंवा परत गेलेल्या चेकची नोंद जमेत धरून आकडा फुगवू नका. बँक हे सगळं वजा करूनच बेरीज घेते. कच्च्या चिठ्ठीवरची विक्री तर पत्रात आणूच नका. तिला कुठलाच कागद नाही.

किती मागायचं, हे गणिताने ठरवा

छोट्या व्यापाराला खेळतं भांडवल देताना बँका बहुतेक वेळा उलाढालीची पद्धत वापरतात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून ती आली. पुढच्या वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के एवढं खेळतं भांडवल लागतं असं धरायचं. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के दुकानदाराने स्वतःचे घालायचे. आपल्या दुकानाची विक्री तीन वर्षांत ६२, ७१ आणि ८४ लाख झाली. पुढच्या वर्षी ९५ लाख धरली, तर वाढ १३ टक्के होते. मागच्या दोन वर्षांची वाढ याहून जास्त होती, म्हणून हा अंदाज कोणी ओढूनताणून आणलेला म्हणणार नाही. ९५ लाखांचे २० टक्के म्हणजे १९ लाख.

पण एवढ्यावर थांबू नका. लिमिट कितीही मंजूर झालं तरी प्रत्यक्ष उचल ड्रॉइंग पॉवरइतकीच करता येते, आणि ती दुकानातल्या मालावर आणि गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या उधारीवर ठरते. गेल्या जुलैअखेर दुकानात २२ लाखांचा माल होता, व्यापाऱ्यांचे ६ लाख द्यायचे होते, म्हणजे पैसे भरलेला माल १६ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, सोडलं की १२ लाख. नव्वद दिवसांच्या आतली उधारी ९ लाख, तिच्यावर ४० टक्के मार्जिन सोडलं की ५ लाख ४० हजार. ड्रॉइंग पॉवर १७ लाख ४० हजार, आणि लिमिट १० लाख! (मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात. तुमचे टक्के मंजुरीपत्रात असतात, तेच घ्या.)

आता हेच गणित फेब्रुवारीचं करा. माल ११ लाख, देणं ३ लाख, उधारी ४ लाख. ड्रॉइंग पॉवर येते अवघी ८ लाख ४० हजार, म्हणजे आत्ताच्या लिमिटपेक्षाही कमी. वर्षभरासाठी १९ लाख मागितले, तर निम्मं वर्ष ते वापरताच येणार नाहीत, आणि हे अधिकाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. म्हणून मागणी हंगामी करावी: मे ते ऑक्टोबर १७ लाख, उरलेल्या महिन्यांत आहे तेच १० लाख. हंगामाचं वेगळं आणि एरवीचं वेगळं लिमिट ठेवायची सोय बँकांकडे असते, पण आपण मागितल्याशिवाय ती सहसा कोणी सुचवत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरच्या दुकानदाराने हीच मागणी करावी.

खात्याची चाल

उताऱ्यातून दोन आकडे काढून पत्रात घाला: वर्षात बाकी सर्वांत वर कधी गेली आणि सर्वांत खाली कधी आली. आपल्या दुकानाची जुलैत ९ लाख ९० हजारांवर गेली, डिसेंबरात दीड लाखावर उतरली. पैसा मालात जातो आणि परत येतो, हे यातून दिसतं. बारा महिने बाकी लिमिटला चिकटलेली असेल, तर बँकेला वाटतं की पैसे धंद्यातून बाहेर, घरबांधणीत किंवा जमिनीत अडकले. तसं असेल तर आधी ते सोडवा, मग अर्ज करा.

पत्र

मार्चचं जीएसटी विवरणपत्र भरून झाल्यावर, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पत्र द्यावं. तेव्हा पूर्ण वर्षाचे आकडे हातात असतात आणि हंगामाआधी बँकेला थोडा वेळही मिळतो. पत्र एका पानात बसवा.

> प्रति,
> मा. शाखाधिकारी,
> (बँकेचे व शाखेचे नाव)
>
> विषय: ओव्हरड्राफ्ट मर्यादा मे ते ऑक्टोबर या काळासाठी रु. १० लाखांवरून रु. १७ लाख करण्याबाबत
> संदर्भ: खाते क्र. …, मंजुरीपत्र दि. …
>
> महोदय,
>
> माझे बंदर रस्त्यावर मासेमारीची जाळी, दोर व बोये यांचे दुकान आहे. वरील मर्यादा माझी विक्री सुमारे रु. ५० लाख असताना मंजूर झाली होती. त्यानंतरची विक्री (जीएसटी वगळून) अशी आहे:
> २०२२-२३: रु. ६२ लाख
> २०२३-२४: रु. ७१ लाख
> २०२४-२५: रु. ८४ लाख (ताळेबंद तात्पुरता)
> २०२५-२६ चा अंदाज: रु. ९५ लाख
>
> माझी खरेदी मे ते जुलैमध्ये होते व वसुली ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये येते. गेल्या वर्षी खात्यातील बाकी जुलैमध्ये रु. ९.९० लाख व डिसेंबरमध्ये रु. १.५० लाख होती. जुलैअखेर ड्रॉइंग पॉवर रु. १७.४० लाख असूनही मर्यादा संपल्याने रु. ६ लाखांचा माल ४५ दिवसांच्या उधारीवर, ३ टक्के जादा दराने घ्यावा लागला. त्यात रु. १८,००० जास्त गेले. त्याच रकमेवर ४५ दिवसांचे बँकेचे व्याज, ११ टक्के दराने, सुमारे रु. ८,१०० झाले असते.
>
> म्हणून मे ते ऑक्टोबर मर्यादा रु. १७ लाख व इतर महिन्यांत पूर्वीप्रमाणे रु. १० लाख ठेवावी, ही विनंती. वाढीव मालाचा विमा मी उतरवीन व स्टॉक स्टेटमेंट दरमहा वेळेवर देईन.
>
> विक्री व खात्यातील जमा यांची जुळवणी आणि इतर कागद सोबत जोडले आहेत.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, दुकानाचा शिक्का, दिनांक)

यात "धंदा वाढला" असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते दिसतं. सर्वांत मोलाचं वाक्य ६ लाखांचं आहे. लिमिट अपुरं पडल्यामुळे नेमकं काय झालं आणि किती रुपये गेले, हे त्यातून कळतं. तुमच्या दुकानात तशी गोष्ट कुठली, ती व्यापाऱ्याच्या बिलांत सापडेल. त्या बिलाची प्रत जोडा.

सोबत बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रं, दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, मार्चअखेरचा तात्पुरता ताळेबंद, नव्वद दिवसांच्या आतली आणि बाहेरची उधारी वेगळी दाखवणारी यादी, उद्यम नोंदणी आणि विम्याची प्रत लावा. विम्यात पूर आणि वादळ धरलेलं आहे का ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यातच दुकान भरलेलं असतं, आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी किती चढलं ते सर्वांनी पाहिलं आहे.

पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. त्यानंतर अधिकारी माल बघायला येईल. मागच्या स्टॉक स्टेटमेंटमधला आकडा आणि फळीवरचा माल त्या दिवशी जुळला पाहिजे, म्हणून जुनी, विकली न जाणारी जाळी आधीच यादीतून वेगळी काढा. तारण वाढवायला सांगितलं, तर वाढीव ७ लाखांपुरतंच पुरेल का, हे विचारा. प्रक्रिया शुल्कही फक्त वाढीव रकमेवर आहे ना, ते विचारून घ्या.

मेच्या मध्यापर्यंत निर्णय झाला नाही, तर तेवढ्या हंगामापुरतं तात्पुरतं जादा लिमिट मागणारं दोन ओळींचं पत्र द्या, आधीच्या पोचेची तारीख घालून. असं लिमिट थोड्या मुदतीचं असतं. त्याची परतफेड कोणत्या महिन्यात कुठल्या वसुलीतून होईल, हे त्याच दोन ओळींत लिहा: ऑगस्ट ते ऑक्टोबर, नौकामालकांची उधारी, ९ लाख.