गल्लीचं काँक्रीट करताना या चुका टाळा: जाडी, जॉइंट आणि डॉवेल

गावातल्या गल्लीचं एस्टिमेट आलं की सगळ्यांची नजर लोखंडावर जाते. डॉवेल म्हणजे जॉइंटमध्ये घालायचे गज किती, कितीच्या मापाचे, जाळी टाकणार का, हेच प्रश्न ग्रामसभेतही निघतात आणि कामाच्या जागीही. पण मधोमध आडवी फुटलेली किंवा कोपऱ्यात तुकडे पडलेली गल्ली उकरून पाहिली, तर लोखंड कमी पडलं असं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा काँक्रीट कागदावरच्या जाडीइतकं भरत नाही, किंवा जॉइंट चुकीच्या अंतरावर आणि उशिरा कापलेले असतात. म्हणून डॉवेलचा हिशेब करू, पण तो शेवटी.

समजा गल्ली ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना घरं, एका अंगाला गटार. वाहतूक म्हणजे दुचाकी, रिकामे-भरलेले ट्रॅक्टर आणि कधीतरी वाळूचा टेम्पो. कमी वाहतुकीच्या काँक्रीट रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची, एसपी ६२ ही मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार स्लॅबची किमान जाडी १५० मिमी आणि आडव्या जॉइंटमधलं अंतर २.५ ते ४ मीटर. आपल्या गल्लीत दर ३ मीटरवर जॉइंट घेतला तर ३ बाय ३ मीटरचे २० चौरस पॅनेल बसतात आणि मधे १९ जॉइंट येतात.

जाडी कागदावर १५०, जागेवर १२०

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. काँक्रीट अडवायला कडेने लावलेला लोखंडी चॅनेल १५० मिमीचाच असतो, त्यामुळे बाजूने बघणाऱ्याला जाडी बरोबर वाटते. पण खालचं खडीकरण मधे उंच राहिलेलं असतं, आणि तिथे काँक्रीट ११०-१२० मिमीच भरतं. चाकाच्या भाराने स्लॅबमध्ये येणारा वाकण्याचा ताण ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. १५० चे १२० मिमी झाले की काँक्रीट वाचतं एक पंचमांश, पण ताण वाढतो दीडपटीहून जास्त. म्हणजे एरवी सहज निभावणारा भरलेला ट्रॅक्टर तिथे स्लॅब मोडू शकतो.

तपासायचं ते काँक्रीट पडण्याआधी. दोन्ही चॅनेलच्या माथ्यावर आडवी दोरी ताणा आणि टेपने दोरीपासून खालच्या थरापर्यंत मोजा: दोन्ही कडांजवळ, मधे आणि दोन्ही चाकोऱ्यांत. दर दोन-तीन मीटरवर हे करायला दोन माणसांना अर्धा तास पुरतो. जिथे माप कमी येतं तिथे खडी खरवडायची आणि पुन्हा रोलर फिरवायचा. खड्डा असेल तर तो आधी खडी-मुरूम दाबून भरून घ्यायचा.

दुसरी तपासणी काम चालू असताना होते. ६० × ३ × ०.१५ म्हणजे २७ घनमीटर काँक्रीट लागलंच पाहिजे. आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी, गाडी ६ घनमीटरची असेल तर साडेचार गाड्या. चार गाड्यांत गल्ली संपली, तर सरासरी जाडी १३३ मिमी झाली आणि काही ठिकाणी ती त्याहूनही कमी आहे. जागेवरच मिक्सर लावून काम होत असेल तर गोण्या मोजा. एम ३० दर्जाला घनमीटरला साधारण सात ते आठ गोण्या धरल्या, तर दोनशेच्या आसपास गोण्या रिकाम्या झालेल्या दिसायला हव्यात. हे आकडे सरपंचांनी किंवा एखाद्या सदस्याने वहीत लिहून ठेवावेत. नंतर स्लॅबला भोक पाडून काँक्रीटचा नमुना काढून भांडण्यापेक्षा हे सोपं आहे.

काळ्या मातीच्या गावात आणखी एक पथ्य. माती तशीच ठेवून वर खडी पसरली, की पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि चांगला १५० मिमीचा स्लॅबही अधांतरी राहतो. आधी काळी माती काढून चांगल्या मुरमाचा थर दाबून घेतला पाहिजे.

जॉइंट: अंतर, खोली आणि वेळ

काँक्रीट सुकताना आणि रात्री थंड होताना आकसतं. त्याला चीर पडणारच. ती कुठे पडावी हे ठरवण्यासाठी आपण जॉइंट कापतो. स्लॅबच्या जाडीच्या २४ पटींहून लांब पॅनेल नको, हा जुना अंदाज इथे चांगला चालतो: १५० मिमीला ३.६ मीटर. शिवाय पॅनेलची लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावी. काही जण कटरचं भाडं वाचवायला जॉइंट ५-६ मीटरवर घेतात. मग पॅनेलच्या बरोबर मध्यावर आडवी चीर येते. खरं तर तिथे एक जॉइंट हवा होता, तो काँक्रीटने स्वतःच करून घेतला. फक्त वेडावाकडा.

वेळेची चूक त्याहून जास्त होते. काँक्रीट आज पडतं आणि कटरवाला परवा येतो. तोवर रात्रीच्या गारव्याने चिरा पडून गेलेल्या असतात, अजून डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. उन्हाळ्यात काँक्रीट पडल्यापासून साधारण ४ ते ६ तासांत कापायला लागावं, थंडीत १० ते १२ तासांपर्यंत थांबता येतं. खात्री करायची तर आधी थोडंसं कापून बघावं. कडेची खडी उपटून येत असेल तर कापायची घाई होतेय, थोडं थांबावं; कड स्वच्छ निघाली तर लगेच पुढे जावं. याचा अर्थ असा की दुपारी काँक्रीट टाकायचं असेल तर कटर आणि त्याचं डिझेल त्याच संध्याकाळी जागेवर हजर पाहिजे.

खोली जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असावी. १५० मिमीला किमान ४० मिमी, ५० मिमी असेल तर उत्तम. हॅकसॉच्या पात्यावर खडूने ५० मिमीची खूण करा आणि प्रत्येक कापात पातं बुडवून बघा. २० मिमीवरच टेकलं, तर तो जॉइंट नुसता दिसायला आहे. अशा कापाच्या बाजूने, चार-सहा इंचांवर, समांतर चीर गेलेली पुष्कळ गल्ल्यांत दिसते. मशीन मिळतच नसेल तर एक सोडून एक पॅनेल भरावं आणि मधली पॅनेल नंतर भरावीत. वेळ जास्त लागतो, आणि सगळ्या जॉइंटच्या कडा सपाट राहतात हा त्याचा तोटा आहे. पण जॉइंट ठरल्या जागीच येतो.

जॉइंट आखताना चेंबर विसरू नका. गटाराचं चेंबर पॅनेलच्या मधे आलं तर त्याच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. जॉइंट थोडा सरकवून चेंबरच्या कडेवरून न्यावा आणि चेंबरभोवती थर्माकोलची पट्टी लावून काँक्रीट त्याला चिकटू देऊ नये. घरांच्या ओट्यांना आणि भिंतींना लागूनही तसंच करावं. कापलेली फट सिमेंटच्या रबडीने भरायची पद्धत मात्र बंद करायला हवी. फटीत घट्ट काहीही बसलं की उन्हाळ्यात स्लॅब फुगताना कडांचे टवके उडतात. तिथे डांबर किंवा सीलंटच हवं.

आता डॉवेलचा हिशेब

डॉवेल म्हणजे जॉइंटमधून आरपार जाणारा गुळगुळीत गोल गज. चाक जॉइंटवर आलं की तो भाराचा वाटा पुढच्या पॅनेलला देतो, पण पॅनेलला आकसायला-पसरायला मोकळं ठेवतो. पातळ स्लॅबमध्ये तो नीट काम करत नाही, कारण गजाच्या वर-खाली काँक्रीट फार कमी उरतं आणि तेच चिरडतं. जवळजवळ कापलेल्या जॉइंटमध्ये चीर बारीक राहते, दोन्ही बाजूंची खडी एकमेकींत अडकलेली असते आणि हलका भार तीच पुढे देते. त्यामुळे आपल्या १५० मिमीच्या गल्लीत प्रत्येक जॉइंटला डॉवेल मागणं व्यर्थ आहे.

तरी आकडा बघू. आयआरसी ५८ च्या तक्त्यात २०० मिमी जाडीला २५ मिमी व्यासाचा, ३६० मिमी लांबीचा डॉवेल ३०० मिमी अंतरावर दिला आहे. ३ मीटर रुंदीत कडेपासून १५० मिमी सोडून सुरुवात केली की एका जॉइंटला १० गज बसतात. १९ जॉइंटचे १९० गज, एकेकाचं वजन १.३९ किलो, म्हणजे एकूण सुमारे २६४ किलो लोखंड. तेवढा पैसा खालच्या थरावर आणि पूर्ण जाडीवर गेला तर गल्ली जास्त टिकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीतून कारखान्याचे उसाचे ट्रक जाणार असतील तर गोष्ट वेगळी. तिथे जाडी २०० मिमी आणि सोबत डॉवेल, हा विचार शाखा अभियंत्यांकडून गणित करूनच घ्यावा. त्या जाडीला काँक्रीटही ३६ घनमीटर लागेल.

दिवसाचं काम जिथे थांबतं तिथला जॉइंट मात्र नाजूक. तिथे प्लेट लावून सरळ कड होते, खडी एकमेकींत अडकत नाही. काम नेहमी ठरलेल्या जॉइंटवरच थांबवावं, आणि तिथे डॉवेल द्यायचे की दोन्ही बाजूंच्या कडा खाली जाड करायच्या हे आधी ठरवून घ्यावं. पॅनेलच्या मधेच काम सोडलं की तिथून चीर ठरलेली.

डॉवेल टाकायचेच असतील तर तीन गोष्टी बघा. टीएमटीचा नक्षीचा गज चालत नाही. त्याची नक्षी काँक्रीटला पकडून ठेवते, जॉइंट उघडत नाही आणि फूटभर अंतरावर नवी चीर येते. गजाची निम्म्याहून थोडी जास्त लांबी डांबर किंवा प्लास्टिकच्या आवरणाने मोकळी ठेवलेली हवी. आणि सगळे गज स्लॅबच्या मध्यावर, रस्त्याला समांतर, लोखंडी बैठकीवर बांधलेले हवेत. ओल्या काँक्रीटमध्ये हाताने खुपसलेले गज वाकडे बसतात आणि न टाकलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतात.

फुटल्यावर कारण कसं ओळखायचं

मधोमध आडवी चीर असेल तर पॅनेल लांब होतं किंवा जॉइंट उशिरा कापले. कोपरा तुटला असेल तर खालचा थर वाहून गेलाय. पावसात त्या जॉइंटवरून गाडी गेली की फटीतून चिखलाचं पाणी वर उडतं का ते बघा. लांबीच्या दिशेने सरळ चीर असेल तर खाली नळाच्या पाइपलाइनचा चर खचलाय असं समजा. जागोजागी बारीक, उथळ, जाळीसारख्या चिरा म्हणजे पहिल्या काही तासांत ऊन-वारा लागला आणि वर गोणपाट पडलं नाही. पाणी मारणं पहिल्या दिवसापासून, किमान १४ दिवस हवं.

दुरुस्ती करताना फुटलेल्या पॅनेलवर दोन इंच काँक्रीटचा थर ओतू नका, तो पहिल्या पावसाळ्यात पापडासारखा सुटतो. पॅनेल जॉइंटपासून जॉइंटपर्यंत पूर्ण जाडीत कापून काढावं, खालची खडी पुन्हा दाबावी आणि नवीन भरावं. नळजोडणीसाठी खोदतानाही हीच पद्धत ठेवावी. अजून गल्ली व्हायची असेल, तर काँक्रीटच्या आधीच प्रत्येक दोन-तीन घरांमागे एक चार इंची पीव्हीसी पाइप आडवा पुरून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा आणि त्यांच्या जागा ग्रामपंचायतीच्या नकाशावर लिहून ठेवा.