पाणी बंदचा मेसेज टाकताना या चुका टाळा

सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच लिहिणाऱ्यांना माझा दंडवत. कुणाचं उद्या?

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत असा मेसेज एका शुक्रवारी रात्री बाराच्या आसपास आला. निम्म्यांनी तो शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचला आणि उद्या म्हणजे रविवार समजून खुशाल मशीन लावलं. काहींनी रविवारसाठी पिंपं भरून घेतली. दुपारी एकलाच वरची टाकी कोरडी. मनपाचं पाणी बंद होतं ते शनिवारीच, म्हणजे खालची टाकीही भरत नव्हती. संध्याकाळी टँकर मागवावा लागला आणि त्याच्या पैशांवरून महिनाभर ग्रुप पेटला. म्हणून मी वार आणि तारीख दोन्ही लिहितो. एकात चूक झाली तर दुसरी ती पकडून देते.

दुसरी चूक मनपाची वेळ जशीच्या तशी उतरवण्याची. गंगापूर धरणाच्या पंपिंगचं काम ‘सकाळी 9 ते संध्याकाळी 6’ असलं, तरी घरातला नळ 9 वाजता कोरडा पडत नाही आणि 6 वाजता सुरूही होत नाही. मध्ये आपल्या टाक्या आहेत. 24 घरं, घरटी 4 माणसं, माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला साधारण 13,000 लिटर लागतात. दोन्ही टाक्यांत मिळून 10,000 असतील तर दिवस निघत नाही. मी आधी वॉचमनकडून टाक्यांची पातळी बघून घेतो आणि मगच नळाची वेळ लिहितो. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी सचिवपद घेऊ नये.

तिसरं, दुसऱ्या दिवशीची सकाळ विसरू नका. पाणी कमी दाबानं येतं, टाकी रेंगाळत भरते आणि फोन तेव्हाच सुरू होतात.

वर्तमानपत्राचं कात्रण फॉरवर्ड करू नका, आपला प्रभाग कुणाला पाठ नसतो. व्हॉइस नोट तर नकोच.

मी असं लिहितो:

शनिवार, 14 जून: मनपाचं पाणी दिवसभर बंद.
आपल्या नळाला पाणी: सकाळी 6 ते 8, संध्याकाळी 6 ते 7.
रविवार, 15 जून: दाब कमी, नळ सकाळी 9 नंतर.
पिण्याचं पाणी शुक्रवारी रात्री भरा. शनिवारी मशीन लावू नका.
– सचिव

काम पुढं ढकललं गेलं तर खाली ‘रद्द’ लिहून भागत नाही, जुना मेसेज फिरतच राहतो. व्हॉट्सॲपवर दुरुस्ती फक्त 15 मिनिटांत करता येते. त्यानंतर जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करून नवा पूर्ण टाका, आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावरचाही पुसा. आमच्याकडे तो दोन आठवडे तसाच होता.