मेलमधली फाईल फिल्टरने काढली? मग या चुका करू नका

कुपवाड एमआयडीसीतल्या पाच-सहा छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि मेल मी सांभाळतो. महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतोच, "मेल आलाय, पण आत फाईलच नाही वो." मी विचारतो, मेलमध्ये काही सूचना आलीय का? ठरलेलं उत्तर मिळतं, "आहे काहीतरी इंग्लिशमधी, वाचलं नाही." मग मी गाडी काढून तिकडे जातो आणि त्यांच्यासमोर त्या चार ओळी वाचून दाखवतो. जाऊन-येऊन पाऊण तास, आणि काम वाचनाचं.

ती सूचना वाचायची नाही, ही पहिली चूक. कंपनीच्या मेलवरचा फिल्टर फाईल काढतो तेव्हा बहुतेक वेळा तिच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाईल ठेवतो किंवा मेलच्या वरच्या बाजूला चार ओळी घालतो. कुठली फाईल काढली आणि का काढली, हे त्यात असतं. कारणं साधारण तीनच: फाईलचा प्रकारच बंदीतला आहे, आत व्हायरससारखं काही सापडलं, किंवा झिपला पासवर्ड असल्यामुळे आत बघताच आलं नाही. तिन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. कारण न वाचता उपाय शोधणं म्हणजे कुठं दुखतंय ते न सांगता डॉक्टरकडे गोळी मागणं.

सूचनाही नाही आणि फाईलही नाही, असं असेल तर आधी साधा संशय घ्या. पाठवणारा फाईल जोडायला विसरला असेल. किंवा त्याने जुन्या मेलला Reply केलं असेल. Reply केलं की आधीची अटॅचमेंट बरोबर जात नाही, Forward केलं की जाते. हे ऐकून अजूनही लोक चकित होतात.

दुसरी चूक माझी खास नावडती आहे. "अटॅचमेंट नॉट रिसीव्ह्ड, प्लीज रिसेंड" एवढंच लिहून मोकळं व्हायचं. हे वाक्य कारखान्याला किती महाग पडतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका कारखान्यात व्हॉल्व्हच्या बॉडीचं मशिनिंग चालायचं. गिऱ्हाईक पुण्याचं. ड्रॉइंगमध्ये बदल झाला: फ्लँजवरच्या चार भोकांचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १२५ चा १३० मिलिमीटर झाला. त्यांच्या डिझाईनच्या माणसाने सुधारलेलं ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल एका झिपमध्ये घातलं, झिपला पासवर्ड लावला आणि गुरुवारी दुपारी पाठवून दिलं. आमच्याकडे मेल आला, मजकूर आला, झिप मात्र निघाली. परचेसच्या पोराने ते ठरलेलं वाक्य लिहिलं. समोरच्याने तीच झिप परत पाठवली. ती परत निघाली. पोराने परत तेच लिहिलं, समोरून परत तीच झिप आली. तिसऱ्या वेळी पुण्याहून उत्तर आलं, "आमच्याकडून गेलंय, तुमचं तुम्ही बघा."

त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या Sent मध्ये तो मेल फाईलसकट व्यवस्थित दिसत होता. काटछाट आमच्या दारात झाली होती आणि ती त्याला दिसायचं काही कारणच नव्हतं. मेल परत गेला असता तर त्याला कळलं असतं, पण फिल्टर फक्त फाईल काढून मेल पुढे सोडतो तेव्हा पाठवणाऱ्याकडे सगळं ठीकच दिसतं. त्याला हे सांगू शकणारे एकटे तुम्ही असता, आणि तुम्ही लिहिता "नॉट रिसीव्ह्ड".

इकडे शॉपमध्ये सुपरवायझरला वाटलं, बदल किरकोळ असेल. त्याने ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवर, रेव्ह बी वरच काम लावलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत साठ नग ड्रिल झाले. पीसीडीत पाच मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रत्येक भोक अडीच मिलिमीटर बाहेर सरकायला हवं होतं. भोक १४ चं. नवं मारायचं तर जुन्यावरच चढतं. जुनी भोकं वेल्डिंगने भरून परत ड्रिल करायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. साठच्या साठ नग भंगारात गेले.

सोमवारी मला बोलावलं. मी ती टेक्स्ट फाईल उघडली. त्यात सरळ लिहिलं होतं की झिपला पासवर्ड असल्यामुळे तपासता आली नाही, म्हणून काढली. म्हणजे ती झिप शंभर वेळा पाठवली असती तरी शंभर वेळा निघाली असती. आता त्या पोराच्या टेबलावर मी एक नमुना चिकटवून ठेवलाय. तो असा:

"नमस्कार साहेब, तुमचा आज दुपारी ४.४२ चा मेल मिळाला. मजकूर आला, पण VB210_RevC.zip ही फाईल आमच्या मेलच्या फिल्टरने काढली आहे. कारण: झिपला पासवर्ड आहे. तीच फाईल परत पाठवली तर परत निघेल. कृपया ड्रॉइंगची पीडीएफ झिप न करता मेलला जोडा आणि थ्रीडी मॉडेल तुमच्या कंपनीच्या शेअरिंग लिंकने द्या. फाईल हातात येईपर्यंत रेव्ह सी चं काम आम्ही सुरू करत नाही."

वेळ, फाईलचं नाव आणि कारण यामुळे समोरच्याच्या आयटीलाही नेमका मेल शोधता येतो. "परत पाठवली तर परत निघेल" हे वाक्य त्याला तेच ते करण्यापासून थांबवतं. शेवटच्या ओळीची प्रत शॉपलाही जाते, तिथेच खरी गोम होती. आणि मेल लिहिल्यावर फोन करायचाच. नंबर जुन्या पीओवरचा घ्यायचा, त्याच मेलखाली असलेला नाही. मेल खोटा असेल तर त्याखालचा नंबरही खोटाच असणार. तुम्ही कुठल्या फाईलची वाटच बघत नसाल आणि अनोळखी माणसाचं "बिल" फिल्टरने काढलं असेल, तर ते परत मागू नका. फिल्टरने त्याचं काम केलंय.

आता शॉर्टकटवाल्यांकडे वळतो. नवीन माणसाला फिल्टर दिसला की पहिली कल्पना सुचते ती नाव बदलायची: .zip चं .jpg करून पाठवा. बरेच फिल्टर नावावर जात नाहीत, फाईलच्या आत बघतात. झिपची सुरुवात PK या दोन अक्षरांनी होते, .exe ची MZ ने. नाव काहीही ठेवा, ही अक्षरं तशीच राहतात. गंमत म्हणजे .docx आणि .xlsx याही आतून झिपच असतात, त्यांचीही सुरुवात PK. आतलं सामान उघडून बघता येतं म्हणून त्या सुटतात. शिवाय फाईलला खोटं नाव देणं ही व्हायरसवाल्यांची जुनी चाल आहे, त्यामुळे फिल्टरचा संशय उलट वाढतो. आणि एखाद्या वेळी फाईल सुटलीच, तर पलीकडचा माणूस ती फोटो म्हणून उघडायला जातो आणि "फाईल खराब आहे" असा नवा मेल येतो.

दुसरी कल्पना व्हॉट्सअ‍ॅपची. "ड्रॉइंगचा फोटो टाका की." फोटो म्हणून टाकलं की तो दाबला जातो, आणि बारीक टॉलरन्समध्ये ३ आहे की ८ हे ओळखेना होतं. डॉक्युमेंट म्हणून टाकलं तर फाईल शाबूत येते हे खरं. पण गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग सुपरवायझरच्या खासगी मोबाईलवर, चार ग्रुपमध्ये फिरायला लागतं. महिन्याने फोनमध्ये drawing.pdf, drawing (1).pdf, drawing (2).pdf अशी भावंडं जमतात, आणि रेव्ह सी कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. खासगी जीमेलवर मागवण्याचंही तेच. गिऱ्हाइकाशी गोपनीयतेचा करार असेल तर आधी त्यांना विचारा.

मालकांची स्वतःची एक वेगळी कल्पना असते: "त्या गिऱ्हाइकाला फिल्टरमधून कायमची सूट द्या." मी देत नाही. भांडण झालं तरी देत नाही. उद्या त्या गिऱ्हाइकाचाच मेल हॅक झाला तर घाण त्याच्याच नावाने येणार, आणि तेव्हा दार आपणच उघडं ठेवलेलं असणार. एका मेलपुरतं बोलायचं तर, काढलेली फाईल फिल्टरने बाजूला राखून ठेवली असेल तर मेल सांभाळणारा माणूस ती तपासून सोडू शकतो. पण काही ठिकाणी सेटिंग थेट पुसून टाकायचं असतं आणि राखलेलीही ठरावीक दिवसांनंतर जाते. म्हणून त्याच दिवशी सांगा. "मागच्या महिन्यात एक मेल आला होता" एवढ्यावर मी काही शोधू शकत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता, विषय आणि वेळ द्या.

मॅक्रोची .xlsm अडली तर मॅक्रो लागणार आहे का ते विचारा. बहुतेकदा लागत नाही, .xlsx म्हणून सेव्ह करून मागवा.

मोठी फाईल हा वेगळा आजार आहे, फिल्टरला शिव्या घालू नका. जीमेलवरून पाठवायची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये फाईल जाताना तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. २० एमबीची फाईल २७ च्या आसपास जाते. इथे फाईल गुपचूप निघत नाही, एकतर जोडतानाच अडते, जीमेलमध्ये तिची आपोआप ड्राइव्हची लिंक होते किंवा मेलच परत येतो.

मग दुसरी वाट म्हणून लिंक. इथेही एक चूक हमखास: गूगल ड्राइव्हवर फाईल चढवली की ती Restricted असते, नुसती लिंक पाठवली तर समोर Request access चं पान येतं. लिंक ज्याला द्यायची त्याचा मेल पत्ता घालून परवानगी द्या. "लिंक असेल त्या कुणालाही" हा पर्याय ड्रॉइंगसाठी नको. आणि समोरच्या कंपनीत ड्राइव्हची साईटच बंद असू शकते, म्हणून काम अडायच्या आधी एक रिकामी चाचणी फाईल टाकून बघा. आमच्या त्या गिऱ्हाइकाने नंतर त्यांच्याच सर्व्हरवर एक फोल्डर दिलं. तीन आठवडे मागे लागल्यावर दिलं, पण दिलं.

फाईल कुठल्याही वाटेने आली तरी तीच आहे ना, हे बघायची माझी एक सवय आहे. लोक हसतात. दोन्हीकडे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर, फाईल असलेल्या फोल्डरमध्ये हे चालवायचं:

```
certutil -hashfile VB210_RevC.zip SHA256
```

आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ येते. फोनवर तिची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं वाचून घ्यायची. जुळली तर फाईल तीच. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर वाटेत काहीतरी बदललंय किंवा पलीकडच्याने दुसरीच फाईल चढवलीय. मागच्या दिवाळीआधी असंच झालं, फोल्डरमध्ये रेव्ह सी च्या नावाने रेव्ह बी पडलं होतं. त्या वेळी मशिन थांबलं होतं, साठ नग झाले नव्हते.