खर्चाच्या शीटमध्ये रक्कम पिवळी का होते

अरे, कालपासून विचारतोयस ना पिवळ्याचं, तर ऐक, डी कॉलममधली रक्कम त्याच हेडच्या सरासरीच्या तिप्पटीपेक्षा जास्त गेली की ती आपोआप रंगते, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला टाकलाय:

```
=$D2>3*AVERAGEIF($B$2:$B$500,$B2,$D$2:$D$500)
```

म्हणजे चहापाण्याच्या 180, 210, 190 अशा एन्ट्र्या असताना 200 च्या जागी 2000 पडले तर सरासरी 645, तिप्पट 1935, म्हणून 2000 पिवळे. पण सरासरीत ती चुकीची रक्कमही धरली जाते बरं का, त्यामुळे हेडमध्ये तीनच एन्ट्र्या असतील तर तिप्पट म्हणजे तिन्हींची बेरीजच, मग कुरियरला 120, 150 आणि 1500 ऐवजी 15000 टाकलेस तरी काही रंगणार नाही! असे छोटे हेड व्हाउचर घेऊन डोळ्यांनीच तपास.

आणि 450/- असं टाइप करू नकोस, एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि मजकूर आकड्यापेक्षा मोठा धरतं, मग साधे साडेचारशेपण पिवळे होतात (मी स्वतः अर्धा तास डोकं खाजवलंय यावर). नुसतं 450 टाक. पिवळं दिसलं म्हणून रक्कम परस्पर बदलायची नाही, आधी बिल काढून बघ, वार्षिक भाडं वगैरे खरंच मोठं असतं, तिथे शेजारी शेरा लिही.