ताल्मुद मराठीत आणताना या चुका टाळा: अरामी वादशब्द आणि प्रश्नोत्तरांचा ओघ

बॅबिलोनी ताल्मुद हा ज्यू धर्मशास्त्रावरील वादचर्चांचा ग्रंथ आहे, आणि त्याच्या प्रचलित विल्ना छापात प्रश्नचिन्हे नाहीत आणि अवतरणचिन्हेही नाहीत. प्रश्न कुठे सुरू झाला आणि उत्तर कोणाच्या बाजूचे आहे, हे ठरावीक अरामी शब्दच सांगतात, म्हणून त्यांना शब्दकोशातला अर्थ चिकटवून पुढे जाणे हीच माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा येणारी चूक आहे.

सर्वांत जास्त घात 'ता श्मा' या दोन शब्दांनी होतो. शब्दशः अर्थ 'ये, ऐक' असा आहे. मी तपासलेल्या एका मसुद्यात हे शब्द सर्वत्र 'या, ऐका' असे उतरवले होते. प्रकरण ताल्मुदाच्या 'बाबा मेत्सिया' या भागातील 21व्या पानाच्या मागील बाजूचे होते. ओळखीची खूण नसलेली वस्तू हरवली आहे, पण ती हरवल्याचे मालकाला अजून कळलेले नाही. कळल्यावर तो आशा सोडेल हे नक्की आहे. मालकाने आशा सोडली की अशी वस्तू सापडणाऱ्याची होते, मग आशा आत्ताच सुटली असे धरायचे का? अबाये आणि रव्वा या दोन आचार्यांचा येथे वाद आहे. अबाये म्हणतो, नाही. रव्वा म्हणतो, होय. पुढे 'ता श्मा' म्हणून वचन येते की, विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची होतात. अनुवादकाने हे वचन निकाल समजून समासात 'म्हणून रव्वाचे मत ग्राह्य' अशी टीप लिहिली, आणि पुढची चर्चा त्या टिपेच्या आधारे वाचली. पुढच्या पानावर रव्वाचे मत खोडले जाऊन निर्णय अबायेच्या बाजूने लागतो, तेव्हा टिपेपासूनचा सगळा मजकूर मला पुन्हा लावावा लागला.

'ता श्मा' निकाल सांगत नाही, तो पुरावा मांडतो, आणि पुरावा बहुधा खोडला जातो. म्हणून मी तेथे 'यावर आधार पाहा' असे लिहितो आणि रोख कोणावर आहे हे चौकटी कंसात देतो. तोच उतारा माझ्या पद्धतीने असा होतो:

[अबायेविरुद्ध] यावर आधार पाहा: विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची होतात. असे का? ती पडल्याचे मालकाला तर कळलेले नाही!
[अबायेच्या बाजूने] तेथेही रब्बी इत्झाक यांचे म्हणणे लागू होते: माणूस आपली पैशाची पिशवी घडोघडी चाचपतो.

म्हणजे मालकाला कळलेलेच असते, त्याने आशा सोडलेली असते, आणि अबायेचे मत टिकते. 'असे का?' हा प्रश्न आधारवचनाचा भाग नसून ते वचन मांडणाऱ्याचा आहे, हे दाखवण्यासाठी मी त्याला स्वतंत्र वाक्य देतो. दोन्ही एका वाक्यात कोंबले की वाचकाला वचन आणि तर्क वेगळे काढता येत नाहीत. कंसातले शब्द मूळचे नाहीत, म्हणून ते कंसातच राहावेत.

दुसरी चूक तितकीच महाग पडते. 'तियुव्ता' आणि 'कश्या' या दोन्हींना 'आक्षेप' म्हणून मोकळे होणारे नवशिके मला दर वर्षी भेटतात. 'तियुव्ता' म्हणजे मत खोडले गेले. रव्वाच्या बाबतीत शेवटी 'तियुव्ता दे-रव्वा तियुव्ता' असेच येते, ते मी 'रव्वाचे खंडन झाले, पूर्ण खंडन' असे लिहितो. 'कश्या' म्हणजे अडचण शिल्लक राहिली, उत्तर मिळाले नाही. पारंपरिक समजुतीनुसार एवढ्याने मत बाद होत नाही. त्यातच 'ला कश्या'मधला 'ला' नजरेतून सुटला, तर 'अडचण नाही' या उत्तराचा 'अडचण आहे' असा अर्थ होतो आणि संवाद उलटा वाचला जातो. घाईने वाचणाऱ्याला हे कळतही नाही, कारण मराठी वाक्य तर व्यवस्थित बसलेले असते.

'पशिता'चे भाषांतर 'हे उघड आहे' असे करू नये. तो आक्षेप आहे: 'हे तर उघडच आहे, मग सांगण्याची गरज काय?' त्याचे उत्तर 'का मश्मा लान' येते, म्हणजे 'हेच ते वचन आपल्याला शिकवते'. मधला 'तुला वाटले असते की' हा तुकडा गाळला तर उत्तराला अर्थ उरत नाही.

'मेतिवे' आणि 'उर्मिन्हू' एक नव्हेत: पहिल्यात जुन्या वचनावरून नंतरच्या आचार्याला अडवतात, दुसऱ्यात दोन जुनी वचने एकमेकांसमोर ठेवतात.

आपल्या शास्त्रग्रंथांतले 'पूर्वपक्ष' आणि 'सिद्धान्त' हे शब्द येथे सरसकट वापरण्याच्या मी विरोधात आहे. पूर्वपक्ष शेवटी पडणार हे मराठी वाचक गृहीत धरतो, ताल्मुदात मात्र कधी दोन्ही मते उभी राहतात आणि कधी प्रश्न 'तेकू'वर, म्हणजे 'राहू दे' या शब्दावर थांबतो. तेथे 'निर्णय झाला नाही' एवढेच लिहावे आणि पुढच्या प्रकरणाची सुरुवात नव्या परिच्छेदाने करावी.